दारातले पहिले मिनिट

दारावर येणाऱ्या विक्रेत्याचे पहिले वाक्य ऐकून घ्यायचे आणि मग दार लावायचे की उघडे ठेवायचे ते ठरवायचे, अशी मला फार जुनी खोड आहे. आमच्या लहानपणी टाय लावलेले तरुण भर दुपारी व्हॅक्यूम क्लीनर घेऊन येत. ते आमच्याच गादीतली धूळ पांढऱ्या फडक्यावर काढून दाखवत आणि आईला शेजारणींसमोर खजील करून जात. आजी तेव्हा नळाला फडके बांधून पाणी भरत असे आणि पावसाळ्यात हंड्यात तुरटी फिरवत असे. त्यामुळे पाणी शुद्ध करायचे यंत्र विकायला कोणी आले, की ती आतूनच विचारी, “आमच्या पाण्याला काय धाड भरली आहे?”

हा प्रश्न आजही प्रत्येक घरात असतो, फक्त कोणी तो मोठ्याने विचारत नाही. त्याला भिडण्याऐवजी बहुतेक विक्रेते घाबरवण्याचा रस्ता धरतात. “महापालिकेच्या वतीने पाण्याची तपासणी चालू आहे,” अशी सुरुवात करणारा माझ्या दारात पहिल्या पाच सेकंदांतच बाद होतो. त्याच्यापेक्षा पटाईत असतो तो दोन ग्लास मागणारा. एकात नळाचे पाणी, दुसऱ्यात त्याच्या आरओ यंत्राचे. दोन्हींत धातूच्या कांड्या बुडवून तो वीज सोडतो आणि थोड्याच वेळात नळाचे पाणी तपकिरी, गढूळ होऊन त्यात साका धरतो. हा मळ पाण्यातून निघत नाही. कांडीतले लोखंड विरघळून तो तयार होतो, कारण नळाच्या पाण्यातले क्षार वीज वाहून नेतात. आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, म्हणून ते स्वच्छ राहते. त्या स्वच्छ ग्लासात चिमूटभर मीठ टाकून पाहावे. त्याचाही रंग तसाच होतो. मी मिठाचा डबा आणायला वळले, की हा प्रयोग सहसा आवरता घेतला जातो.

परवा आलेल्या मुलाने मात्र घंटा एकदाच वाजवली आणि दोन पावले मागे सरकून तो दाराच्या भिंगातून पुरता दिसेल असा उभा राहिला. त्याने बूट काढले नव्हते, म्हणजे आत येण्याचे गृहीत धरले नव्हते. ओळखपत्र पुढे करून तो म्हणाला, “नमस्कार काकू. मी पाणी शुद्ध करायची यंत्रे विकतो. आत येत नाही. एकच विचारतो, तुमच्याकडे पिण्याला धरणाचे पाणी येते की बोअरचे?”

या चार वाक्यांत सारे काही होते. विकायला आलो आहे हे त्याने लपवले नाही आणि ज्याच्या उत्तराने स्वतःचा सौदा मोडू शकेल असा प्रश्न त्याने आधी विचारला. मग पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर माझ्याच हातात देऊन त्याने पेल्यातल्या पिण्याच्या पाण्यात बुडवायला सांगितले. आकडा माझा मी वाचला, 85. वापरण्याच्या नळाला आमच्याकडे बोअरचे पाणी आहे. तिथे तो 780 निघाला. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात विरघळलेल्या घन पदार्थांची स्वीकार्य मर्यादा लिटरला 500 मिलिग्रॅम आहे. “प्यायला पेल्यातलेच पाणी असेल तर आरओ नको,” तो म्हणाला. “तो एका लिटरमागे दोन-तीन लिटर पाणी वाया घालवील आणि आहेत तेवढे क्षारही काढून टाकील. पण हा मीटर जंतू दाखवत नाही हं. टाकी कधी धुतली आहे ठाऊक नसेल, तर गाळणी आणि यूव्ही पुरे, नाहीतर उकळून प्या.”

मला सर्वांत भावले ते मीटर काय दाखवत नाही हे सांगणे. एरवी 85 या आकड्याला “शुद्ध” आणि 780 ला “विष” म्हणून मोकळे होणारेच भेटतात. वास्तविक 85 च्या पाण्यातही सांडपाणी मिसळलेले असू शकते आणि मीटर मुकाट्याने 90 दाखवील. स्वतःच्या हत्याराची मर्यादा पहिल्या मिनिटात सांगणाऱ्या माणसाचे दुसरे मिनिट मी आपण होऊन ऐकते.

महिन्याचे टार्गेट याच मुलाच्याही डोक्यावर असणार, आणि ज्या घरी आरओची गरज नाही तिथेही तोच खपला तर वरचे साहेब खूश होणार. महिनाअखेरीच्या दारात तो हेच बोलत असेल का, कोण जाणे. शिवाय कँडल आणि मेंब्रेन बदलायला वर्षाकाठी किती खर्च येतो, हे काही त्यानेही आपणहून सांगितले नाही. तेवढे बहुधा दुसऱ्या मिनिटासाठी राखून ठेवले असावे.