चिनी भाषेत स्वतःची ओळख करून देताना

चिनी शिकायला लागून दोन महिने झाले होते, आणि भाषेची देवाणघेवाण करायला एक चिनी मैत्रीण मिळाली. ती माझ्याकडून हिंदी शिकणार आणि मी तिच्याकडून चिनी, अर्धा अर्धा तास. पहिल्या कॉलआधी स्वतःची ओळख चार वाक्यांत लिहून पाठव, असं तिने सांगितलं.

सुरुवात नावापासून. माझं नाव मीरा. चिनी उच्चारात आपल्यासारखा 'र' नसल्यामुळे तिने 米拉 हे रूप सुचवलं, म्हणजे मी-ला. 'माझं नाव अमुक' म्हणायला 'वो च्याओ' एवढंच पुरतं. 'च्याओ' म्हणजे 'म्हणतात', म्हणून त्याच्याआधी 'आहे' लावायचं नाही. मी आधी 'वो श च्याओ' असं लिहिलं होतं, त्यातला 'श' तिने खोडला.

कामाच्या वाक्यावर मात्र बराच वेळ गेला. मी हिशोबनीस आहे, त्याला 会计 म्हणतात. यातलं पहिलं अक्षर मी आधी 'येणं, जमणं' या अर्थाने शिकले होते आणि तिथे त्याचा उच्चार 'ह्वेइ' होतो. म्हणून मी कॉलवर ठामपणे 'ह्वेइची' म्हणाले. ती थांबली, काय म्हणायचंय ते तिला कळेना. मी अक्षरं दाखवली तेव्हा तिने दुरुस्त केलं: या शब्दात तेच अक्षर 'ख्वाइ' वाचतात, शब्द 'ख्वाइची'. एकाच अक्षराचे दोन उच्चार असू शकतात, हे तोवर मला कुणी सांगितलंच नव्हतं. आता प्रत्येक नवा शब्द मी फोनवर रोमन अक्षरांत टाईप करून बघते. `kuaiji` लिहिलं की हवा तो शब्द समोर येतो, आणि पाठ केलेला उच्चार चुकला असेल तर तिथेच शंका येते.

'मी एका कंपनीत काम करते' हे वाक्य मी इंग्रजीच्या वळणाने रचलं होतं, आधी 'काम करते' आणि मग 'कंपनीत'. ते चुकलं. चिनीत जागा क्रियापदाच्या आधी येते: 'वो चाइ यी च्या कुंगस कुंगच्वो', म्हणजे मी, -त, एक, कंपनी, काम करते. आपल्या मराठीचाच क्रम! फक्त आपला '-त' शब्दानंतर लागतो, त्यांचा 'चाइ' शब्दाआधी. 'च्या' हा कंपन्या मोजताना लावायचा शब्द, तो गाळता येत नाही.

उच्चारांतही मराठी उपयोगी पडते. 'चाइ'मधला च 'चोर'मधला आहे, 'च्या'मधला 'चार'मधला. रोमन लिपीत ते `zai` आणि `jia` दिसतात आणि ज म्हणावंसं वाटतं. `k` आणि `p` दिसले की ख आणि फ (ओठ न चावता), `g` आणि `b` दिसले की क आणि प, हे मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं. तिला माझं बोलणं त्यानंतर पटकन कळायला लागलं.

छंदांत वाचन आणि गाणी ऐकणं. मी दोन वाक्यं 'ह' या शब्दाने जोडली, कारण शब्दकोशात 'आणि' म्हणून तोच सापडला. पण 'ह' नामं जोडतो, अख्खी वाक्यं नाही. तिने 'ये', म्हणजे 'सुद्धा', वापरायला सांगितलं. सूरही चुकला. 'खान शू' म्हणजे पुस्तक वाचणं, त्यात 'शू' उंच आणि सपाट सुरात धरायचा. मी वाक्याच्या शेवटी आवाज खाली सोडला आणि तिला ऐकू आलं 'झाडं बघणं'. वाक्य संपलं म्हणून सूर खाली येऊ द्यायचा नाही, शब्दाचा सूर शब्दाबरोबर राहिला पाहिजे. हा एक शब्द मी तिच्यामागून वीसेक वेळा म्हटला.

शेवटी हा मजकूर ठरला:

```
你好！我叫米拉，是会计，
在一家公司工作。
我喜欢看书，也喜欢听音乐。
很高兴认识你！
```

शेवटची ओळ म्हणजे 'तुला भेटून आनंद झाला'. तिथे 'हन' हा शब्द 'खूप' असा ठासून म्हणायचा नसतो. विशेषणाआधी तो सहज येतो, आणि 'आहे'ची जागा तोच भरतो.

पुढच्या कॉलला मी हे न बघता म्हटलं. तिने लगेच विचारलं, 'नि शीह्वान खान शन्म शू?' कुठली पुस्तकं आवडतात? प्रश्न कळला, उत्तराचा शब्द मात्र नव्हता. तो तिने दिला, 'श्याओश्वो', कादंबरी. मी 'वो शीह्वान खान' पुढे तो जोडला, आणि ती लेखकांची नावं विचारायला लागली.