रिमार्कचा रकाना

शुक्रवार, रात्री साडेबारा

तो रकाना मी काल मुद्दाम कोरा सोडला होता. आज सेकंडला आलो तर भरलेला. सरांचं हिरवं पेन, 'प्लॅन बदल – माझ्या सूचनेवरून', खाली सही.

सूचना त्यांची नव्हतीच. ते काल कस्टमरकडे होते.

फोन साहेबांचा होता, चार वाजून वीस मिनिटांनी, थेट माझ्या मोबाईलवर. माझा नंबर त्यांच्याकडे आहे हेच मला ठाऊक नव्हतं. नावाने हाक मारली. "सात नंबरला व्हाइट कव्हर लाव. सकाळी चारशे नग पाहिजेत. तुझ्या सरांशी मी बोलतो." मी म्हणालो, "हो साहेब."

आता लिहिताना वाटतं, त्या दोन शब्दांच्या आधी एक वाक्य जायला हवं होतं. "साहेब, सातवर बुधवारपासून काळा माल चालू आहे." बस, एवढंच. प्लास्टिकच्या मशीनवर आधी पांढरं, मग राखाडी, शेवटी काळं. रविवारी स्क्रू काढून साफ. सोमवारी परत पांढरं. सरांनी व्हाइट सोमवारवर ढकललं होतं ते याचसाठी. हे मला माहीत होतं. साहेबांना कदाचित नसेल, त्यांच्यापुढे डिस्पॅचची यादी असते, बॅरलमध्ये काय अडकलंय ते नसतं. ते सांगायलाच तर मी तिथे होतो.

नाही सांगितलं. कारण मला बरं वाटलं होतं. नावाने हाक मारली म्हणून. बेचाळिसाव्या वर्षी, दोन मुलांच्या बापाला!

पुढचं ठरल्यासारखंच झालं. क्रेनने मोल्ड बदलायला पावणेदोन तास गेले, तोवर व्हाइटचे दाणे हॉपरमध्ये ऐंशी डिग्रीला सुकत ठेवले. मग पर्जिंग. नॉझलमधून लगदा पडत राहिला, आधी काळाकुट्ट, मग राखाडी, मग दुधात माती कालवल्यासारखा. स्वच्छ दिसतोय म्हणून शॉट घेतला की कव्हरच्या कोपऱ्यात तिळाएवढा काळा ठिपका. दहा नग नीट यायचे, अकराव्यात पुन्हा ठिपका. काळं स्क्रूच्या टोकाशी, चेक रिंगच्या मागे दबा धरून बसतं आणि वाटेल तेव्हा सुटतं. क्वालिटीच्या पोरीने फर्स्ट पीस तीनदा परत पाठवला. पंचवीस किलोच्या दोन गोण्या नुसत्या धुण्यात गेल्या. नऊला कुठे माल सुरू झाला. पन्नास सेकंदांची सायकल धरली तर साडेचार तासांत काळे सव्वातीनशे नग बुडाले, आणि तो तुटवडा सरांच्या नावावर दिसणार.

अकराला रजिस्टर उघडलं. साहेबांचं नाव लिहिलं तर चहाडी. सरांचं लिहिलं तर खोटं. माझं लिहायचं धाडस नव्हतं. म्हणून कोरा. सरांना फोन करता आला असता, निदान रात्री. 'साहेब बोलणार आहेत' म्हणून नाही केला. बोलले का ते अजूनही माहीत नाही.

आज सर नेहमीसारखेच. मी टेबलापाशी घुटमळत होतो. बोलतील, ओरडतील तरी. त्यांनी मान वर न करता विचारलं, "पाचवर काय होतं रे काल?"

"नॅचरल."

"हं."

पाचवर नॅचरल होतं, म्हणजे बिनरंगी माल. व्हाइटचा मोल्ड पाचवर बसतो. थोडंसं पर्जिंग, सहाच्या आसपास पांढरा माल सुरू. साहेबांचे चारशेही झाले असते आणि सातचं काळंही थांबलं नसतं. सरांना एक फोन केला असता तर ते हेच म्हणाले असते. साहेब सात म्हणाले, मला सातच दिसलं.

सही करून त्यांनी मला वाचवलं, की माझ्याशी बोलण्यासारखं काही उरलं नाही असं सांगितलं? दिवसभर हाच भुंगा. दुपारी तर स्वतःचीच कीव येत होती, दोन मोठ्यांच्या मध्ये मी बिचारा भरडतोय म्हणून. पण भरडायला कुणी बोलावलं होतं? माझा मीच उडी मारून जात्यात बसलो. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी, आणि मी तर एका घरी नुसत्या हाकेवरच पोट भरून आलो. इन्क्रिमेंटचं पत्र पुढच्या महिन्यात आहे. जाऊ दे.

सहा वाजून दहाला पुन्हा साहेब. व्हाइट आणखी दोनशे. पुन्हा नावाने हाक, आणि पुन्हा बरं वाटलं, मेलं. "साहेब, सरांना विचारून पाच मिनिटांत सांगतो," म्हणालो. पलीकडे जरा शांतता. मग "बरं."

सर म्हणाले, "पाचवर लाव." एवढंच.

रात्री रकान्यात लिहिलं: साहेबांचा फोन ६.१०, सरांना कळवलं ६.१२, मशीन पाच. रकाना पुरला नाही, शेवटचे दोन शब्द समासात गेले.