दाखवण्याआधी आपणच पाहावे

शाळेच्या या अंकात आठवणी इतर माजी विद्यार्थी लिहितीलच. मी इथे चित्रकलेच्या तासाला लागलेली एक सवय तेवढी सविस्तर मांडतो: आपले काम दुसऱ्याला दाखवण्याआधी आपणच कसे तपासायचे.

उदाहरण अशाच एखाद्या अंकाच्या मुखपृष्ठाचे घेऊ. उभा ए-४ कागद, मध्यभागी शाळेची इमारत, खाली हिरव्या पट्टीवर लाल अक्षरांत ‘सुवर्णमहोत्सव’. जवळून सगळे झकास दिसते. आता सहा-सात फूट मागे जा आणि डोळे इतके किलकिले करा की बारकावे जाऊन फक्त फिकट आणि गडद डाग उरतील. शीर्षक पट्टीत गडप होते! लाल आणि हिरवा हे रंग वेगळे, पण दोन्हींचा गडदपणा जवळपास सारखाच. लाल आणखी भडक करण्याचा मोह होतो, त्याने काही साधत नाही. पट्टी फिकट करा, नाहीतर अक्षरे पिवळट पांढरी घ्या. चष्मेवाल्यांनी नुसता चष्मा काढून भागवू नये. कडा पुसट होतात, पण रंग तसेच डोळ्यांत भरत राहतात.

मग आरसा. कागद छातीशी धरून आरशापुढे उभे राहायचे. संगणकावर फोटोशॉपमध्ये Image > Image Rotation > Flip Canvas Horizontal, क्रितामध्ये नुसती M कळ. इमारतीचे खांब किंचित उजवीकडे कलले असतील, तर आता ते डावीकडे कलतात. सवयीच्या चित्राच्या मानाने फरक दुप्पट होतो, म्हणून तो लगेच खुपतो. अक्षरेही वाचता येईनाशी होतात आणि नुसते आकार उरतात. ‘ण’च्या दंडानंतरची मोकळी फट आणि ‘त्स’ची दाटी तेव्हा कळते. मात्र आपली नजर डावीकडून उजवीकडे जाते, त्यामुळे उलट्या चित्राचा ओघ बिघडलेला वाटला तरी तो दोष धरू नये. तिरकेपणा आणि अंतरे, एवढ्यापुरताच आरसा खरा. त्यातही डोळा काही मिनिटांत उलट्या चित्राला सरावतो, तेव्हा खुपले ते लगेच टिपून ठेवावे.

लिओनार्दो द विंचीनेही चित्रकारांना आरशात पाहायला आणि अधूनमधून काम सोडून जायला सांगितले होते. दुसरी गोष्ट आपल्याला जड जाते. कागद रात्रभर पालथा ठेवावा, मध्ये ‘जरा बघतो’ म्हणून उचलू नये. तेवढ्याने नजर पुन्हा जुनी होते. सकाळी ब्रश हातात घेण्याआधी पेन्सिलीने लिहायचे: नजर आधी कुठे गेली, मग कुठे. उत्तर ‘गच्चीवरचा झेंडा’ आले, तर शीर्षक हरले. झेंड्याभोवतीचे आभाळ थोडे गडद करून त्याचा उठाव कमी करावा, शीर्षकाला हात लावू नये. छापखान्याची घाई असेल, तर अर्धा तास दुसरे काम करून चित्र अंगठ्याएवढे लहान करून पाहावे. रात्रीची सर त्याला नाही, पण ढोबळ चूक सापडते.

दुरुस्तीनंतर आरसा पुन्हा एकदा. एक खांब सरळ करताना शेजारची खिडकी हमखास तिरकी होते.