रिलीफ लांबला तर

मर्चंट नेव्हीच्या क्रूइंग विभागात माझं काम म्हणजे कोणत्या जहाजावर कोण चढणार आणि कोण कधी उतरणार हे जुळवणं. त्यातला सगळ्यात नकोसा भाग म्हणजे घरी फोन करून साइन-ऑफ, म्हणजे जहाजावरून उतरणं, पुढे गेल्याचं सांगणं.

त्या दिवशी असा फोन एका सेकंड इंजिनीअरच्या पत्नीला करायचा होता. इंजिनीअरचा सहा महिन्यांचा करार संपत आला होता. पण त्यांच्या बल्क कॅरियरला माल उतरवायला ऐनवेळी दुसरं बंदर मिळालं आणि तिथे क्रू बदलायची सोय नव्हती. बदलीचा माणूस, म्हणजे रिलीफ, चढल्याशिवाय सेकंड इंजिनीअरला उतरता येत नाही, कारण किती आणि कोणत्या दर्जाचे अधिकारी हवेतच, हे जहाजाच्या प्रमाणपत्रात ठरलेलं असतं. म्हणजे आणखी निदान चार आठवडे. करारात महिनाभर मागेपुढे करायची मुभा होती, त्यामुळे नियमाचा प्रश्न नव्हता. प्रश्न हे घरी सांगायचं कसं, हा होता.

सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "एक मिनिट हं. याच्यासाठी त्यांनी पाकीट ठेवलंय."

जाताना त्यांनी बरीच पाकिटं लिहून ठेवली होती. कुठल्यावर ‘मुलगी आजारी पडली तर’, कुठल्यावर ‘शेवटच्या आठवड्यात’. बहुतेक जण पाकिटांवर तारखा घालतात. मग जहाज लांबलं की ‘आता मी बॅग भरतोय’ असं लिहिलेली चिठ्ठी नेमकी नको त्या दिवशी हातात येते. यांनी तारखा टाळल्या होत्या. आत्ताच्या पाकिटावर लिहिलं होतं, ‘रिलीफ लांबला तर’.

त्यांनी फोनवरच वाचायला सुरुवात केली.

"ऑफिसचा फोन आला म्हणून घाबरू नकोस, जहाजाला काही झालेलं नाही. ‘कधी येणार’ असं विचारू नकोस, ते त्यांनाही ठाऊक नसतं. तीन गोष्टी विचार. पुढच्या बंदरात क्रू बदलता येतो का? बदलीच्या माणसाचं मेडिकल आणि व्हिसा झाला का? त्याचं तिकीट निघालं का?"

पुढचा मजकूर त्यांनी मोठ्यानं वाचला नाही, आणि ते योग्यच होतं.

ऑफिसचा नंबर दिसला की घरच्यांच्या मनात पहिला विचार अपघाताचा येतो, हे मी रोज आवाजांवरून ओळखतो. समुद्रावर निघण्याआधीच त्या माणसानं ते ओळखून पहिलं वाक्य त्यावर खर्च केलं होतं, याचं मला फार वाटलं.

मग त्यांनी तिन्ही प्रश्न मला विचारले. पुढच्या बंदरात सोय होती. मेडिकल झालं होतं. व्हिसा बाकी होता, त्यामुळे तिकीटही नव्हतं. मी तसंच सांगितलं.

"मग व्हिसा लागला की एक फोन करा, तिकीट निघालं की दुसरा," त्या म्हणाल्या. "शेवटच्या आठवड्याचं पाकीट मी तिकिटानंतर उघडेन."

फोन ठेवून मी आधी बदलीच्या माणसाची व्हिसाची फाइल काढली.