सकाळच्या बारा शिंका

आज अंथरुणातून उठताच सलग बारा शिंका आल्या, नाक चोंदले आणि डोळे चोळून चोळून लाल झाले. तरीही सवयीने मी "सर्दी झाली आहे" असेच म्हणालो.

संध्याकाळी डॉक्टरांनी तापाची चौकशी करण्याआधी एकच प्रश्न विचारला, "खाज येते का?" नाकात, डोळ्यांना, अगदी टाळूलाही येते, हे मला तेव्हा कुठे जाणवले.

विषाणूमुळे होणाऱ्या सर्दीत घसा दुखतो, अंग मोडून येते, कधी तापही येतो आणि बहुधा आठ-दहा दिवसांत ती ओसरते. माझे नाक मात्र तीन महिने पाण्यासारखे वाहते आहे, दुपारपर्यंत मोकळे होते आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच. ही अ‍ॅलर्जी असून डॉक्टरांचा संशय उशी-गादीत राहणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या धुळीतील किड्यांवर आहे.

उशीचे अभ्रे दर आठवड्याला 60 अंश तापमानाच्या पाण्यात धुवावेत आणि नाकातला स्प्रे रोज घ्यावा. त्याचा पूर्ण गुण यायला काही दिवस लागतात, म्हणून दोन दिवसांत सोडू नये, असे त्यांनी बजावले.

इतके दिवस मी काढे पीत होतो आणि रोज सकाळी गादीही मीच झटकत होतो! तुमची "सर्दी" किती दिवसांची आहे?