सरांचा सात

स्मरणिकेसाठी चार ओळी लिहा म्हणून पत्र आलं आणि डोळ्यांपुढे गणिताचे सरच उभे राहिले. शाळेच्या बाकी आठवणी इतर मंडळी लिहितीलच. मी सरांच्या एकाच प्रश्नाबद्दल लिहितो: एक ते शंभर आकडे लिहिले तर सात किती वेळा लिहावा लागेल?

दरवर्षी सातवीच्या वर्गात हा प्रश्न यायचा. पहिलं उत्तर यायचं दहा: सात, सतरा, सत्तावीस असं सत्त्याण्णवपर्यंत. हे झाले फक्त एककाचे सात. कुणीतरी 'सत्तर राहिलं की!' म्हणायचा आणि अकरा सांगायचा. मग ७० ते ७९ ही अख्खी ओळ ध्यानात यायची आणि उत्तर एकोणीसवर येऊन अडायचं, कारण ७७ हा एकच आकडा म्हणून धरलेला असायचा. सर तेव्हा फळ्यावर ७७ लिहून दोन्ही सातांखाली वेगवेगळा खडू ओढायचे. सात ज्यात आहे असे आकडे एकोणीसच, पण सात लिहायचा वीस वेळा. प्रश्न कोणता विचारलाय ते आधी वाचा, एवढंच ते म्हणायचे.

खरी गंमत पुढे होती. काही मुलं पाटीवर न लिहिता तोंडाने उजळणी म्हणत बोटं मोडायची आणि त्यांचंही उत्तर वीसच यायचं. सर ते उत्तर मान्य करत नसत! प्रत्येक दहाच्या ओळीत किती सात आले ते सांग, म्हणायचे. बरोबर मोजलं तर सत्तरची ओळ सोडून प्रत्येक ओळीत एकच सात येतो आणि सत्तरच्या ओळीत अकरा. म्हणजे नऊ आणि अकरा, वीस. पण तोंडाने मोजणाऱ्याच्या साठाच्या ओळीत दोन निघायचे आणि सत्तरच्या ओळीत दहाच. कारण कानाला 'एकोणसत्तर'मध्ये सत्तर ऐकू येतं, पण ६९ लिहिताना सात कुठेच नसतो. उलट 'एकोणऐंशी'त साताचा मागमूस नाही आणि लिहायचं मात्र ७९. एक चूक वाढवते, दुसरी कमी करते आणि बेरीज बिनचूक दिसते. म्हणूनच सर ओळवार हिशेब मागायचे. नुसती बेरीज पाहून ही चूक कधीच सापडत नाही.

कानडीच्या तासाला आलेली मुलं यावर खूश व्हायची. अरवत्तोंबत्तु, एप्पत्तोंबत्तु. कानडीत दशक आधी बोलतात आणि जसं बोलतात तसंच लिहितात, त्यामुळे तिथे हा घोळ होतच नाही. मराठी शाळेत कानडीचं असं कौतुक करणारे सर आपल्या सीमाभागात मला तरी दुसरे भेटले नाहीत.

ताळा करायची त्यांची रीत तर आजही माझ्या रोजच्या कामात आहे. एक ते शंभर न लिहिता ०० ते ९९ असे दोन-दोन अंकी शंभर आकडे लिहायचे. एकूण अंक दोनशे, दहाही अंकांना सारखाच मान, म्हणून प्रत्येकाच्या वाट्याला वीस. आता पुढची फुकटची शून्यं काढून टाका: ०० मधली दोन आणि ०१ ते ०९ मधली नऊ. शून्यं उरतात नऊ. शेवटी १०० जोडला की एक हा अंक एकवीस वेळा होतो आणि शून्य अकरा वेळा. दोन ते नऊ हे अंक वीसवरच राहतात. सगळे मिळून १९२.

बेळगावात माझं रेडियमच्या आकड्यांचं आणि पाट्यांचं दुकान आहे. मंगल कार्यालयाच्या शंभर खुर्च्यांना नंबर लावायचे असले की गिऱ्हाईक 'प्रत्येक अंक वीस-वीस द्या' म्हणतं. तसं दिलं तर शेवटच्या खुर्चीशी एकचा अंक एक कमी पडतो आणि शून्यं नऊ उरतात. पाट्या कानडी आकड्यांत हव्या असल्या तरी हिशेब बदलत नाही, कारण तिथेही एकक-दशक तेच.

हल्लीच्या पोरांना हा प्रश्न चार पर्यायांसह मिळतो: १०, ११, १९, २०. वीसवर खूण केली की गुण मिळाला. साठाच्या ओळीत किती निघाले, हे कुणी विचारत नाही. सर असते तर त्या कागदावर काय शेरा मारला असता, ते त्यांच्या हाताखालून गेलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

समारंभाच्या खुर्च्यांचे नंबर मी शाळेला तसेच करून देणार आहे. १०१ ते २०० साठीही सात वीसच लागतील, पण एकचे अंक ११९ हवेत, कारण १९९ पर्यंतच्या प्रत्येक खुर्चीवर पुढे एक आहे. तेव्हा किती खुर्च्या मांडायच्या हे कमिटीने आधी पक्कं कळवावं. दोनशेच्या पुढे गेलात तर दोनचा साठा वेगळा कापावा लागेल.