ओव्यांची नोंदवही: मुकी फाईल, शेवटी सापडलेला चोर

जांबोटीकडच्या आज्जीच्या जात्यावरच्या ओव्या टिपायचं काम सुरू आहे हे इथल्या जुन्या मंडळींना माहीत आहेच. गेल्या खेपेला फोनवर बावीस मिनिटांचं रेकॉर्डिंग घेऊन बेळगावला आलो, हेडफोन लावला, तर एक शब्द नाही. व्हिडिओत आज्जीचे ओठ हलतायत, जातं फिरतंय, आवाज शून्य. व्हॉट्सअ‍ॅपवर बहिणीला पाठवलेला व्हॉइस मेसेजही तसाच मुका. पण तिला फोन लावला तर माझा आवाज तिकडे ठणठणीत! व्हॉट्सअ‍ॅप कॉलवरसुद्धा.

पहिला संशय अर्थातच माइकवर. दुकानदार तर लगेच माइक बदलू म्हणाला. मी आधी फाईल ऑडॅसिटीत, म्हणजे आवाजाची रेषा दाखवणाऱ्या संगणकावरच्या प्रोग्रॅममध्ये उघडली, आणि तिथेच हार्डवेअरचा विषय जवळपास संपला. माइक बिघडला, भोकात धूळ बसली, तरी आवाज दबका येतो, खरखर येते; रेषा थोडी का होईना थरथरते. माझी रेषा पट्टीने आखल्यासारखी सपाट होती, नमुना न् नमुना शून्य. अशी शांतता माइक बिघडून येत नाही, ती कोणीतरी नळ बंद केल्यावर येते.

मग सेटिंग्ज. कॅमेरा, व्हॉट्सअ‍ॅप, रेकॉर्डर, तिन्हींना मायक्रोफोनची परवानगी हजर. परवानगी काढली, परत दिली, फोन रीस्टार्ट केला, आणि आवाज आला. परवानगीनेच झालं असं समजून मी खूश. पण पुढच्या रविवारी चोर्ला घाटातून बाईक फिरवून आलो आणि संध्याकाळी पुन्हा सगळं मुकं. आज्जीला पुन्हा बसायला सांगितलं तर म्हणाली, "परत गायला लावूलास व्हय रे? घसा बसला की माझा."

धागा त्या राइडमध्येच होता. आम्ही चौघे हेल्मेटमधल्या ब्लूटूथवर बोलायला एक इंटरकॉम अ‍ॅप वापरतो. घरी आल्यावर हेल्मेट बंद होतं, अ‍ॅप मात्र चॅनलमध्येच बसून राहतं. स्क्रीनच्या कोपऱ्यातला हिरवा ठिपका मी दोन आठवडे बघत होतो आणि तो कॅमेऱ्याचा असेल म्हणून सोडून देत होतो. होम स्क्रीनवर कुठलंच अ‍ॅप उघडं नसताना तो दिसतोय, म्हणजे पाठीमागे कोणीतरी माइक धरून बसलंय. पडदा खाली ओढून ठिपक्यावर बोट ठेवलं की नाव कळतं (अँड्रॉइड १२ पासून). खात्रीसाठी फोन संगणकाला जोडून हे चालवलं:

```
adb shell "dumpsys audio | grep -E 'mode =|silenced'"
```

कॉल चालू नसताना उत्तरात `MODE_IN_COMMUNICATION` आलं, म्हणजे फोनच्या मते कॉल चालूच. रेकॉर्डर चालू करून पुन्हा पाहिलं, तर त्याच्या ओळीत `silenced`. ज्याला आवाज मिळतोय त्याच्या ओळीत `not silenced` असतं.

अँड्रॉइड १० पासून दोन अ‍ॅप एकाच वेळी माइक उघडू शकतात, पण आवाज साधारणपणे एकालाच मिळतो. दुसऱ्याला "नाही" असं कोणी सांगत नाही, नुसते शून्य देत राहतात. म्हणून रेकॉर्डरचं घड्याळ पळतं, फाईल बनते, चूक कुठेच दिसत नाही. आणि कॉल चालू आहे असं फोन धरून चालला, की कॉलवाल्याचा हक्क पहिला. मग समोर उघडा असलेला कॅमेराही मुकाच. आमचं इंटरकॉम नेमकं तेच भासवत होतं. खरा फोन आला की कॉलचा मान त्याच्याकडे जातो, व्हॉट्सअ‍ॅप कॉलही तो मान स्वतः मागून घेतो. म्हणून कॉल धडधाकट. परवानगीच्या पानावर यातलं काहीच उमटत नाही, कारण परवानगी असणं वेगळं आणि पाळी येणं वेगळं.

काल मुद्दाम इंटरकॉम चालू ठेवून तीस सेकंद रेकॉर्डिंग घेतलं आणि अठराव्या सेकंदाला त्याच्या नोटिफिकेशनमधलं डिस्कनेक्ट दाबलं. एकाच फाईलमध्ये अठरापर्यंत सपाट रेषा आणि पुढे एकदम माझं "एक, दोन, तीन". रीस्टार्टनेही अ‍ॅपच मरत होतं, परवानगीचा काही संबंध नव्हता.

इंटरकॉमची माइक परवानगी काढून टाकता येईल, पण मग घाटात हातवारे करत बसावं लागेल. सध्या घरी आलो की डिस्कनेक्ट, विसरलो तर अ‍ॅपच्या माहितीत जाऊन फोर्स स्टॉप. आणि आज्जीसमोर बसण्याआधी दहा सेकंद रेकॉर्ड करून ऐकतो. तुमच्याकडे ठिपका नसेल आणि तरी रेषा सपाट असेल, तर क्विक सेटिंग्जमधलं माइक अ‍ॅक्सेसचं बटण बघा. ते बंद असलं तरी अ‍ॅपना असेच शून्य मिळतात. नुसताच कॅमेरा दबका ऐकू येत असेल तर ते प्रकरण वेगळं, बऱ्याच फोनांत व्हिडिओला वरचा माइक लागतो, त्याचं भोक तपासा.

बावीस मिनिटं गेली ती गेलीच. शून्यातून काही निघत नाही. आज्जीने शुक्रवारी या म्हटलंय, घसा सुटला तर.